चिंचेपासून ओढ्याकडे चौथी

कुणी 'जरा येऊन आमचा कॉम्प्युटर बघ' म्हटलं की माझं डोकं सणकतं. तळेगावच्या एका कारखान्यात मी दिवसभर तेच करते, म्हणजे माहितीचे साठे सांभाळते, आणि सुट्टीच्या दिवशी लोणावळ्यात शेजारीपाजारी माझ्याकडून प्रिंटर दुरुस्त करून घेतात. पण आमच्या मशिदीच्या जमातीचे सेक्रेटरी चाचा स्वतः दारात येऊन उभे राहिले तेव्हा 'नाही' म्हणता आलं नाही. रेल्वेतून निवृत्त झालेला, माझ्या वडिलांबरोबरचा माणूस. एरवी माझी टिंगल केल्याशिवाय चहा न पिणारा. त्या दिवशी त्यांनी चहाला हातही लावला नाही.

मशिदीला लागून एक खोली आहे, ते जमातीचं ऑफिस. चाचांनी तिथल्या नव्या कॉम्प्युटरवर कब्रस्तानातल्या दफनाची एक नोंद उघडून दाखवली. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. वडिलांच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. जागेच्या रकान्यात प्रश्नचिन्हांची लांबलचक रांग आणि मध्येच एक इंग्रजी चार. तारीख आणि नोंद क्रमांक तेवढे शाबूत होते.

"हे तुला परत करता येईल ना, बेटा?" चाचांनी विचारलं.

अक्षरांचा कचरा झालेला असला तर मला आशा असते. प्रश्नचिन्हं झाली की नसते. पण ते लगेच बोलले नाही, आधी काय काय झालं ते सगळं सांगा म्हटलं.

आमच्या कब्रस्तानाचं थोडं सांगायला हवं. जागा छोटी, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ओढा, तिसरीकडे रस्ता. वाढायला वाव नाही. पक्क्या कबरी आम्ही बांधत नाही, मातीचा उंचवटा आणि उशाला एक दगड. लोणावळ्याच्या दोन पावसाळ्यांत उंचवटा बसतो, दगड गवतात नाहीतर वाहत्या पाण्यात जातो. म्हणून जुन्या जागी पुन्हा खोदतात. त्याला कुणाची हरकत नसते, पण एक रीत आहे: घरच्यांनी येऊन सांगितलं, की आमच्या माणसाची जागा आम्ही आहोत तोवर राहू द्या, तर कमिटी ती राखते. एका मयतामागे एक जागा. त्यासाठी जागा नेमकी कुठली हे ठाऊक असावं लागतं, आणि दगड नसले की ते ठाऊक असतं फक्त नोंदीतल्या एका ओळीला. अमुक झाडापासून अमुक दिशेला कितवी, डावीकडे की उजवीकडे. झाडाकडे पाठ करून उभं राहिलं की जो डावा हात तो डावा, हा ठराव.

त्या उन्हाळ्यात कमिटीने लहान मुलांच्या कबरींच्या बाजूला मुरूम टाकून सपाटी करायचं ठरवलं होतं. पावसाळ्यात तिकडची माती खचून कडेच्या कबरी उघड्या पडायला लागल्या होत्या, त्यामुळे करणं भाग होतं. ज्यांना जागा राखायची असेल त्यांनी मशीन यायच्या आत सांगावं, असं शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर जाहीर केलं. आणि मळवलीहून एक बाई आल्या.

मी त्यांना खाला म्हणते. एका बंगल्याची राखण करतात, मालक सणासुदीला येतात, बाकी वर्षभर त्या आणि बंगल्याचा कुत्रा. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांना झालेली पहिली मुलगी चार दिवस जगून गेली होती. तिला दफन करायला तिचा बाप आणि कबर खोदणारा म्हातारा, एवढे दोघेच होते. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. नवरा दर शब-ए-बारातला, मयतांसाठी दुआ मागायच्या रात्री, जाऊन मुलीच्या कबरीवर पाणी घालून यायचा, आणि खाला फाटकापाशी उभ्या राहायच्या. कुठे घातलंस हे त्यांनी कधी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्यांच्यात त्या मुलीचं बोलणंच नव्हतं. मग म्हातारा वारला, आणि गेल्या पावसाळ्यात नवराही गेला. दुसरी मुलगी लग्न होऊन मिरजेला. म्हणजे ती जागा कुठली हे जाणणारं माणूस आता उरलं नव्हतं. उरली होती ती ओळ, आणि तिची ही गत.

चाचांकडून हळूहळू बाकीचं निघालं. जमातीचा जुना प्रोग्राम कुणा होतकरू मुलाने फुकटात बनवून दिला होता आणि तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. मागच्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेने जमातींसाठी नवी ऑनलाइन प्रणाली काढली. जुना साठा त्यांनी स्वतःच इकडून तिकडे नेऊन दिला. पहिल्या दिवशी उघडून बघतात तर मराठीचा पत्ता नाही. 'चिंच' असायचं तिथे à¤šà¤¿à¤‚à¤š असलं काहीतरी. पानंच्या पानं तसली.

हे का होतं ते मी चाचांना डब्याचं उदाहरण देऊन सांगितलं, कारण बाइट आणि युनिकोड म्हटलं की ते खिडकीबाहेर बघायला लागतात. डब्यावर 'साखर' लिहिलंय आणि आत मीठ भरलंय. घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे तोवर काही बिघडत नाही. जुन्या साठ्यावर लेबल होतं पाश्चात्त्य अक्षरांचं, जिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर. आत भरलेली होती देवनागरी, जिच्या एकेका अक्षराला, काना-मात्रेला तीन-तीन बाइट लागतात. जुना प्रोग्राम जसे बाइट टाकायचा तसेच परत मागायचा, म्हणून पडद्यावर मराठी नीट दिसायची. नवी प्रणाली आली ती लेबल वाचून. लेबल म्हणतंय पाश्चात्त्य, मग तिने प्रत्येक बाइटला एक एक पाश्चात्त्य अक्षर समजून त्याचं इमानदारीत रूपांतर केलं. एका 'च'ची तीन विचित्र चिन्हं झाली. चूक लेबलाची होती, नव्या प्रणालीची नव्हती.

पण या कचऱ्यात काहीही हरवलेलं नसतं. उलट रूपांतर केलं की सगळे बाइट जागेवर येतात आणि मराठी जशीच्या तशी परत मिळते. मी हे कारखान्यात दोनदा केलंय.

"तेच केलं की त्यांनी," चाचा म्हणाले. "शेवटी संस्थेला फोन केला, तिथल्या पोराने तासाभरात सगळं नीट करून दिलं. बघ, बाकी सगळं नीट आहे."

होतंच. मी नोंदी उघडत गेले, एकामागून एक स्वच्छ मराठी. प्रश्नचिन्हं थोड्याच नोंदींत. आणि त्या थोड्या कुठल्या हे बघितल्यावर मला सगळं कळलं, आणि कळून राग कुणावर काढायचा हे कळेना.

प्रणाली सुरू झाल्यापासून पोराने ती दुरुस्त करीपर्यंत मधे काही महिने गेले होते. त्या काळात झालेली दफनं नव्या प्रणालीत सरळ, योग्य देवनागरीत नोंदली गेली होती. म्हणजे एकाच रकान्यात काही नोंदी कचरा आणि काही नोंदी अस्सल. पोराने उलट रूपांतर सगळ्यांवर चालवलं. कचऱ्याची मराठी झाली. पण जी आधीच अस्सल मराठी होती, तिला पाश्चात्त्य अक्षरांत बसवायला गेलं तर तिथे 'च' नाही, 'ल' नाही, काहीच नाही. जे बसत नाही त्याच्या जागी यंत्र प्रश्नचिन्ह ठेवतं आणि मूळ अक्षर टाकून देतं. तिथून परतीची वाट नाही. एक अट घालायची होती फक्त, की कचरा दिसेल तेवढ्याच नोंदी उलटव. एक ओळ.

नव्या दफनांचं चाललं असतं. घरचे जिवंत आहेत, कबरी ताज्या आहेत, विचारून पुन्हा लिहिता येतं. पण खालांच्या मुलीची नोंद जुनी होती. ती या यादीत आलीच कशी?

चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. या शब-ए-बारातला खाला पहिल्यांदाच एकट्या आल्या होत्या. फाटकापाशी उभ्या राहून फातेहा पढल्या, मग ऑफिसच्या दारात येऊन म्हणाल्या, माझ्या पोरीची नोंद आहे ना तेवढं बघा. चाचांनी नव्या कॉम्प्युटरवर उघडली तर कचरा. तेव्हा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात होता, त्याच्यावर जाऊन त्यांनी ओळ वाचली, आणि बाईंच्या लेकराच्या नावाचं असलं काही दिसू नये म्हणून एका बोटाने टाइप करत अख्खी नोंद नव्यात नीट लिहून काढली. बाहेर येऊन खालांना म्हणाले, नोंद आहे, काळजी करू नका. ओळ काही त्यांना वाचून दाखवली नाही, आणि त्यांनीही मागितली नाही.

हजारभर जुन्या नोंदींकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, त्या सगळ्या वाचल्या. चाचांनी माया करून जी एक हाताने सुधारली, तेवढीच गेली. मी हे त्यांना सांगितलं नाही. पण ते रेल्वेत चाळीस वर्षं काढलेले, त्यांना सांगावं लागत नाही.

"चिंचेजवळची होती," ते म्हणाले. "चौथी. तो चार मी टाइप केलेला आठवतो. बाजू कुठली ते… डावीकडे असेल. उजवीकडे पण असेल."

पुढचा आठवडा मी जुनी प्रत शोधण्यात घालवला. संस्थेकडे दुरुस्तीच्या आधीची प्रत होती, पण ते थोड्याच दिवसांच्या प्रती ठेवतात आणि तोवर ती पुसली गेली होती. तो पोरगा फोनवर इतक्यांदा सॉरी म्हणाला की मला त्याला शिव्या देता आल्या नाहीत, आणि त्याचाही राग आला. जुना कॉम्प्युटर मदरशातल्या मुलांना दिला होता. तिथे गेले तर आत नवी डिस्क. मशीन फार हळू चालतं म्हणून बसवली, जुनी दुकानदाराने ठेवून घेतली. दुकानदार कामशेतचा. त्याने बाजारामागच्या भंगारवाल्याकडे बोट दाखवलं, भंगारवाल्याने पुण्याच्या दिशेने हात हलवला. जुन्या प्रोग्रामची दुसरी प्रत म्हणून कुणी कधी काही ठेवलंच नव्हतं. इतकी वर्षं बिनतक्रार चाललं होतं ना.

मग मी प्रश्नचिन्हांकडेच पुन्हा बघायला बसले. यंत्राने अक्षरं टाकून दिली, पण एकास एक. प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त यांच्या बदल्यात एक प्रश्नचिन्ह. मधल्या जागा, स्वल्पविराम आणि इंग्रजी आकडा त्या पाश्चात्त्य यादीत असतात, म्हणून ते तसेच राहिलेले. म्हणजे शब्द गेले होते पण त्यांची मापं उरली होती.

आणि शाबूत राहिलेल्या नोंदींत जागा सांगायची भाषा अगदी मोजकी होती. सुरुवातीला तीनच खुणा: चिंच, विहीर, गेट. दिशा तीन: ओढा, डोंगर, रस्ता. पहिल्या शब्दाची प्रश्नचिन्हं दहा. 'विहिरीपासून'ची अकरा होतात, 'गेटपासून'ची आठ. 'चिंचेपासून'ची बरोबर दहा. दुसऱ्या शब्दाची आठ: 'डोंगराकडे' नऊचा, 'रस्त्याकडे' दहाचा, 'ओढ्याकडे' आठचा. मग चार, मग 'थी'. चिंचेपासून ओढ्याकडे चौथी. त्या मुलीचं नाव मला ठाऊक नव्हतं, पण ती कुठे आहे ते मी वाचत होते.

शेवटचा शब्द सात प्रश्नचिन्हांचा.

'डावीकडे' लिहून मोजलं. सात. 'उजवीकडे' लिहून मोजलं. सात.

मी पुन्हा मोजलं. मग कागदावर अक्षरं सुटी करून मोजलं, जणू कागदावर ती वेगळी भरणार होती. मग मान खाली घालून रडले. नवरा विचारायला आला, त्याला म्हटलं, जा, काही नाही, सातच आहेत दोन्ही.

पुढच्या रविवारी चाचा आत गेले आणि मी फाटकापाशी फोन धरून उभी राहिले. चिंचेला पाठ लावून त्यांनी ओढ्याकडे चार जागा मोजल्या. डाव्या हाताला सपाट गवत. उजव्या हाताला सपाट गवत. दगड नाही, उंचवटा नाही. उलट तपासही मी करून बघितला: या दोन्हींपैकी एखादी जागा दुसऱ्या कुणाच्या नोंदीत सापडली असती तर प्रश्न सुटला असता. सापडली नाही. दुसरी जागा कॉम्प्युटर यायच्या आधीच्या कुणाची असेल, किंवा रिकामीही असेल.

चाचा बाहेर आले आणि म्हणाले, "डावीकडे लिहून टाक. तिच्या मनाला शांती मिळेल."

मी भडकले. मोठ्या माणसाशी बोलू नये तसं बोलले. म्हटलं, चाचा, आज आपण लिहिलं की उद्या तेच खरं होणार. मशीन उजव्या बाजूवरून जाणार, आणि मूल उजवीकडे असलं तर? त्यांनी फाटकाला कडी घातली. म्हणाले, मग तूच सांग तिला. मला जमायचं नाही.

मळवलीला उतरून बंगल्यापर्यंत चालताना मी वाक्यं जुळवत होते, त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. खाला मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बसायला पाट दिला. मी डब्याचं सांगितलं, लेबलाचं सांगितलं, चाचांनी मायेने लिहिलं तेच गेलं हेही सांगितलं, कारण ते लपवून बाकीचं नीट सांगताच येईना. त्यांनी मध्येच एकदा विचारलं, "माझ्या पोरीच्या नावाची पुसापुशी झाली म्हंता का?" मी म्हटलं, हो, तसंच. मग चिंच, ओढा आणि चौथी सांगितलं. त्यांचा हात सुपात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी ती जागा सांगत होतं.

"ओढ्याच्या अंगाला," त्या म्हणाल्या. "म्हंजी पान्याचा आवाज येत आसंल."

मग मी डावं-उजवं सांगितलं. कमिटी एका मयतामागे एकच जागा राखते हेही सांगितलं. रडारड होईल, मला किंवा चाचांना बोल लावतील, असं धरून मी बसले होते. त्या तांदूळ निवडत राहिल्या. खडा काढून फेकला. मग म्हणाल्या, "दुसऱ्या जागंला कोन हाय?"

मी म्हटलं, माहीत नाही. कुणाचं तरी मूल असेल. कदाचित कुणीच नसेल.

"आसंल तर त्याची आई कुटं हाय? ती काय सांगाय आली न्हाई."

"नाही आली."

"मग मी सांगते. दोनी माझीच लिवा."

मी त्यांना समजावायला लागले. खाला, प्रणालीत एका नोंदीला एकच जागा लिहिता येते. दोन जागा राखायच्या तर दोन नोंदी लागतील, दोन मयत लागतील. खोटी नोंद आहे ती. आणि मी तर आयुष्यभर लोकांना याच्यासाठीच फैलावर घेत आले, की साठ्यात खोटं टाकू नका, एकदा गेलं की ते खऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. त्या ऐकत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तितं कोन आसंल तर खोटं कसं? आन् कोनबी नसंल तर कुनाचं काय जातंय?"

मी सूप थोडं माझ्याकडे ओढलं आणि त्यांच्याबरोबर तांदूळ निवडायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या. दारात उभ्या राहिल्या, आत बसल्या नाहीत. चाचांना मी आधी सगळं सांगितलं होतं. नमाजासाठी हातपाय धुऊन वजू करून येतो म्हणून ते उठून गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी पहिली नोंद पुन्हा लिहिली. मुलीचं नाव खालांनी सांगितलं. डावीकडे असं लिहिलं, राखीवची खूण केली. मग नवी कोरी नोंद उघडली. वडिलांचं नाव तेच. तारीख तीच. जागा चिंचेपासून ओढ्याकडे चौथी, उजवीकडे. मयताच्या नावाचा रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही, म्हणून मी मागे वळून विचारलं, नाव काय लिहू.

मला वाटलं होतं त्या अडखळतील, विचार करतील. त्यांनी लगेच सांगितलं. मुलाचं नाव होतं. पुढे मुलगा झाला असता तर ठेवायचं म्हणून दोघांनी कधीतरी ठरवलेलं, आणि मुलगा काही झाला नाही.

मी ते टाइप केलं. पडद्यावर काना-मात्रेसकट लख्ख उमटलं.